तपासणीला आलेला बदल: अनेकवचनाच्या दोन ओळी आणि एक लांब बटण

निशिगंध

मंडळी, एका मुक्त मेल ॲपच्या मराठी फाइलची तपासणी माझ्याकडे असते. एका नव्या भाषांतरकाराने बदल पाठवला आहे. बरेच जुने बोजड शब्द सुधारलेत, ते वाचून बरं वाटलं. पण दोन जागी मंजुरी द्यायला मन तयार होत नाही, आणि नेमकं काय खटकतंय ते पाठवणाऱ्याला सांगताही येत नाहीये.

पहिली जागा ही. फाइलच्या डोक्यावरची एक ओळ आणि खाली एक स्ट्रिंग:

```
-"Plural-Forms: nplurals=2; plural=(n != 1);\n"
+"Plural-Forms: nplurals=2; plural=(n > 1);\n"

 msgid "%d unread message"
 msgid_plural "%d unread messages"
-msgstr[0] "%d न वाचलेला संदेश"
+msgstr[0] "एक न वाचलेला संदेश"
 msgstr[1] "%d न वाचलेले संदेश"
```

`msgfmt -c` चालवून पाहिलं, एकही तक्रार नाही.

दुसरी जागा बटणाची. मूळ मजकूर `Mark all as read`. आधी मराठीत "सर्व वाचले" होतं, आता "सर्व वाचलेले म्हणून चिन्हांकित करा" केलंय. डेव्हलपरने या बटणाला २० ची मर्यादा घातली आहे. आमचं भाषांतराचं टूल ३४ दाखवतं आणि लाल खूण करतं. पाठवणाऱ्याचं म्हणणं, अक्षरं मोजली तर २० च्या आतच आहेत. कोणाचं धरायचं?

टकटक

पहिलं डोळे मिटून मंजूर करा. "१ न वाचलेला संदेश" यापेक्षा "एक न वाचलेला संदेश" वाचायला कितीतरी सहज आहे. एकवचनात `%d` गाळायची गेटटेक्स्टमध्ये मुभाच आहे, म्हणून तर `msgfmt` गप्प बसला.

दुसऱ्यात पाठवणारा बरोबर आहे. स, र्व, वा, च, ले, ले... असं मी मोजलं. १५ अक्षरं आणि ४ जागा, एकूण १९. बसतंय. टूलला जोडाक्षरं कळत नाहीत, ती त्याची अडचण.

खडूफळा

मला वाटतं मूळ घोळ आकड्यांचा आहे. पडद्यावर 1, 2 असे इंग्रजी आकडे येतात, ते १, २ असे दिसले पाहिजेत. `%d` काढून "एक" लिहिणं हा त्यावरचाच उपाय केलेला दिसतो. मग पुढे "दोन", "तीन" पण लिहा ना, अर्ध्यावर का सोडलं?

निशिगंध

खडूफळा, आकडे कोणत्या लिपीत दिसावेत हे सहसा ॲप ठरवतं, भाषांतराच्या फाइलमध्ये ते येत नाही. आणि दोनच्या पुढे शब्दात लिहायची सोयच नाही. `msgstr[1]` ही एकच ओळ दोनलाही वापरली जाते आणि दोन हजारांनाही. तो विषय वेगळा धागा काढून बोलू, मला त्यातही रस आहे.

जुना_टंक

निशिगंध, मंजुरी देऊ नका. पहिल्या जागेतल्या दोन बदलांतला प्रत्येक सुटा पाहिला तर फारसं काही बिघडत नाही. एकत्र आले की पडद्यावर चुकीची माहिती जाते.

रिकाम्या इनबॉक्सचा विचार करा. n = ०. आता `n > 1` हे सूत्र तपासायचं: शून्य एकापेक्षा मोठं आहे का? नाही. म्हणून उत्तर ०, म्हणून `msgstr[0]` वापरलं जाणार. तिथे लिहिलंय "एक न वाचलेला संदेश". म्हणजे एकही मेल नसताना ॲप सांगणार की एक आहे. माणूस इनबॉक्स उघडतो, काही सापडत नाही, पुन्हा उघडतो, आणि शेवटी ॲपमध्येच बिघाड आहे असं समजतो. डेव्हलपरकडे तक्रार जाते, तो इंग्रजीत तपासतो, तिथे सगळं ठीक दिसतं. अशी तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते, कारण कोडमध्ये शोधून ती सापडणारच नसते.

जुन्या सूत्रात, `n != 1` मध्ये, शून्य हे एक नाही, म्हणून `msgstr[1]` येतं आणि "० न वाचलेले संदेश" असं नीट दिसतं.

आता `msgfmt` गप्प का राहिला ते. टकटक म्हणतात ती मुभा खरी आहे, पण तिला एक अट आहे. जे रूप भरपूर संख्यांना वापरलं जातं, तिथे `msgfmt -c` सगळे `%d` जागेवर आहेत का हे काटेकोरपणे बघतो. जे रूप मोजक्याच संख्यांना लागू होतं, तिथे तो सूट देतो, कारण अनेक भाषांत लोक "एक" असं शब्दात लिहितात आणि ते योग्यच असतं. `n > 1` धरलं तर पहिलं रूप ० आणि १ अशा दोनच संख्यांना लागतं. म्हणून सूट मिळाली. "एक" या शब्दाचा अर्थ काही त्याला कळत नाही. तो गप्प राहिला म्हणजे स्ट्रिंग बरोबर आहे, असं समजू नका.

आणि ती वरची ओळ एका स्ट्रिंगपुरती नसते, अख्ख्या फाइलला लागते. म्हणून अशा बदलात समोर दिसणारी एकच स्ट्रिंग तपासून भागत नाही. आधीपासून ज्या-ज्या ठिकाणी कोणी "एक" लिहून ठेवलंय, ती सगळी ठिकाणं या एका ओळीने बिघडतात, आणि त्या स्ट्रिंग फरकात दिसतही नाहीत, कारण त्यांना कोणी हातच लावलेला नाही. त्या अशा काढा:

```
msgcat --no-wrap mr.po | grep 'msgstr\[0\]' | grep -v '%'
```

ज्यांच्या मजकुरात मधे ओळ तुटते त्या स्ट्रिंगही यात येतील, कारण त्यांची पहिली ओळ रिकामी असते. तेवढ्या डोळ्यांनी बघाव्या लागतील.

रानपाखरू

हा बदल मीच पाठवला आहे. निशिगंध यांनी धाग्याचा दुवा दिला म्हणून आले. वरची ओळ मी हाताने बदललेली नाही. मी फक्त स्ट्रिंग सुधारत होते. फाइल जतन केल्यावर माझ्या एडिटरने ती आपोआप बदलली असणार. फरकात ती दिसली, पण टूल करतंय म्हणजे बरोबरच असेल असं वाटलं. "एक" मात्र मी मुद्दाम लिहिलं आहे.

जुना_टंक

रानपाखरू, सांगितलंत ते फार उपयोगी आहे. असं बऱ्याचदा होतं. काही टूल स्वतःजवळच्या यादीतून भाषेचं सूत्र घेतात आणि फाइलमधलं बदलून टाकतात. ती यादी जुनी असू शकते. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात पूर्वी मराठी हिंदीच्याच गटात होती, आणि त्या गटात शून्यालाही एकवचनाचं रूप मिळतं. नंतर मराठी वेगळी काढली. आता मराठीत फक्त १ ला एकवचन, हिंदीत ० आणि १ दोन्हींना. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लगेच बघता येतं:

```
new Intl.PluralRules('mr').select(0)  // "other"
new Intl.PluralRules('hi').select(0)  // "one"
```

ब्राउझर बराच जुना असेल तर पहिल्या ओळीचं उत्तरही `"one"` येईल.

हिंदीची फाइल नक्कल करून मराठी सुरू केली, तरी अशीच गफलत होऊ शकते. आणि `n > 1` हे सूत्र फ्रेंचसाठी बरोबर आहे, त्यामुळे नुसतं पाहून ते चुकीचं वाटत नाही.

टकटक

बरं, शून्याचं पटलं. मग वरची ओळ `n != 1` ठेवा आणि "एक" राहू द्या. मग तर `msgstr[0]` फक्त एकलाच येणार. रानपाखरूंनी मुद्दाम केलेला बदल चांगला आहे, तो उगाच का परतवायचा?

जुना_टंक

गेटटेक्स्टच्या फाइलपुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे, कारण तिथे सूत्र फाइलच्या सोबतच जातं. तरी मी `%d` ठेवीन. आज एका एडिटरने ओळ बदलली, उद्या दुसरा बदलेल, आणि प्रत्येक वेळी तपासणाऱ्याच्या नजरेस ती पडेलच असं नाही. `%d` असेल तर चुकीच्या सूत्रातही जास्तीत जास्त "० न वाचलेला संदेश" असं दिसेल. व्याकरणाला ते खटकतं, पण आकडा खरा राहतो.

अँड्रॉइडच्या `<plurals>` मध्ये तर "एक" अजिबात नको. तिथे कोणती संख्या कोणत्या रूपात जाते हे फोनमधली माहिती ठरवते. जुन्या फोनमध्ये मराठीचा जुना नियम असेल तर शून्याला `one` येईल, आणि ते तुमच्या हातात नाही.

टकटक

मेल ॲप गेटटेक्स्टचंच आहे ना? मग माझं मत तेच. जी चूक होईल-न होईल, तिच्यासाठी रोज दिसणारा मजकूर रुक्ष का करायचा?

सांजदिवा

या वादात एक राहून जातंय. शून्याला खरं तर वेगळंच वाक्य हवं: "न वाचलेला एकही संदेश नाही". ते या दोन रूपांत कुठेच बसत नाही, कारण मराठीला शून्याचं स्वतंत्र रूप नाही आणि भाषांतरकाराला ते जोडता येत नाही. डेव्हलपरने कोडमध्ये शून्याची अट वेगळी करून स्वतंत्र स्ट्रिंग दिली पाहिजे. जिथे आयसीयूचे संदेश वापरतात, तिथे `=0` असा फाटा घालता येतो आणि तो सूत्रावर अवलंबून नसतो. निशिगंध, तक्रार नोंदवायची झाली तर ही नोंदवा. सगळ्याच भाषांना उपयोग होईल.

अजून एक. तपासताना "संदेश" या शब्दावर जाऊ नका, त्याचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं. फरक आजूबाजूला पडतो: वाचलेला आणि वाचलेले, आला आणि आले. "दिवस"चंही तसंच. "१ दिवस", "३ दिवस" पाहून कोणी दोन्ही ओळींत एकच मजकूर चिकटवतो, आणि मग तेच "दिवसापूर्वी" झालं की "३ दिवसापूर्वी" असं चुकीचं दिसतं. तिथे अनुस्वार हवा: "३ दिवसांपूर्वी". माझ्या पाहण्यात मराठी फाइलींमध्ये सर्वांत जास्त निसटतो तो हाच अनुस्वार.

निशिगंध

सांजदिवा, आत्ताच शोधलं. आमच्या फाइलमध्ये "%d मिनिटापूर्वी" दोन्ही रूपांत सापडलं. दुसऱ्या रूपात "मिनिटांपूर्वी" करते. धन्यवाद.

आता बटणाचं कोणी सांगेल का? टूलचे ३४ की अक्षरांचे १९?

आडवी_रेघ

मी पडद्यांची मांडणी करते, म्हणून माझ्या बाजूने सांगते. दोन्ही आकडे बरोबर मोजलेले आहेत आणि दोन्हींनी तुमचा प्रश्न सुटत नाही.

टूल कोडपॉइंट मोजतं. "सर्व" मध्ये स, र, हलन्त, व असे चार. मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे सुटे धरले जातात. पायथॉनचा `len` हेच करतो:

```
python3 -c 'print(len("सर्व वाचलेले म्हणून चिन्हांकित करा"))'
```

उत्तर ३४. पण यातल्या कितीतरी खुणा आडवी जागा घेतच नाहीत. "ले" वरची मात्रा डोक्यावर बसते, "णू" मधला ऊकार पायाशी. म्हणून ३४ हा आकडा रुंदीपेक्षा फार मोठा दिसतो. उलट टकटक यांचे १९ फार लहान, कारण "न्हां" हे एक अक्षर धरलं तरी ते `i` च्या कितीतरी पट रुंद असतं. मर्यादेतले २० हे लॅटिन अक्षरांच्या अंदाजाने घातलेले आहेत. बटणात जागा पिक्सेलमध्ये असते, आणि पिक्सेल फक्त त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात मजकूर काढून पाहिल्यावर कळतात.

वेबलेट वापरत असाल तर `max-length` ऐवजी `max-size` ही खूण घालता येते. त्यात फॉन्ट आणि आकार सांगितला की ते मजकूर खरोखर काढून रुंदी तपासतं. फॉन्ट देवनागरीचाच निवडा, नाहीतर तो आकडाही भलताच येईल.

दूरध्वनी

आमच्याकडे याहून वाईट होतं. आम्ही एका छोट्या पडद्याच्या यंत्रासाठी मजकूर करतो, तिथे एका ओळीला ३२ बाइट असतात. अक्षरं नाहीत, कोडपॉइंट नाहीत, बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा. तुमचाच मजकूर घेऊन सांगतो. "सर्व" चे १२, मधल्या जागेचा १, झाले १३. उरले १९. त्यात सहा कोडपॉइंट पुरते बसतात आणि सातव्याचा एक बाइट लोंबकळतो. पडद्यावर येतं:

```
सर्व वाचलेल�
```

शेवटच्या "ले"ची मात्रा मधेच कापली जाते. तुमच्याकडेही मर्यादा बाइटचीच असू शकते, आधी ते विचारा.

आडवी_रेघ

दूरध्वनी, तुमच्या यंत्रात बाइट मोजणं बरोबरच आहे, जागाच तेवढी राखलेली असते. निशिगंध यांच्या बटणात तसं काही कापलं जाणार नाही. तिथे मजकूर मावला नाही तर तीन टिंबं येतील. आणि माझी खरी काळजी त्या टिंबांची आहे.

इंग्रजीत काम सांगणारा शब्द आधी येतो. शेपूट कापली तरी `Mark all…` मधून काहीतरी कळतं. मराठीत क्रियापद शेवटी असतं, म्हणून टिंबं नेमकी कामाचाच शब्द खातात. "सर्व वाचलेले म्हणून चि…" यावरून दाबल्यावर काय होणार हे सांगता येत नाही. नकार असेल तर अर्थ उलटतो. "हे पुन्हा दाखवू नका" कापलं गेलं की उरतं "हे पुन्हा दाखवू…". ही खूण करायची की नाही, वापरणाऱ्याने काय समजायचं? म्हणून मराठी तपासताना शेवटी "नका", "नाही", "थांबवा", "हटवा" असलेल्या स्ट्रिंग मी आधी बाजूला काढते आणि त्या सर्वांत अरुंद पडद्यावर पाहते. बाकीच्या थोड्या कापल्या गेल्या तर एक वेळ चालेल, या नाही चालणार.

रानपाखरू

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण "सर्व वाचले" मला अजूनही चुकीचं वाटतं. ते बटण न वाटता बातमी वाटते, की सगळं वाचून झालंय. म्हणूनच मी ते लांबवलं.

सांजदिवा

तुमची हरकत रास्त आहे. जुनं परत आणू नका. "सर्व वाचलेले धरा" कसं वाटतं? शेवटी आज्ञा आहे, म्हणजे बटण वाटतं. टूलच्या मोजणीनेही १६ होतात, मूळ इंग्रजीइतकेच.

टकटक

"धरा" बटणावर विचित्र वाटतं. "चिन्हांकित" लोकांना आता ओळखीचं झालंय.

सांजदिवा

ओळखीचं आहे, पण एवढा मोठा शब्द तीन शब्दांच्या मागे उभा राहिला की तोच कापला जातो. "वाचलेले धरा" पहिल्यांदा वाचताना क्षणभर थांबायला होईल, हे मान्य.

आडवी_रेघ

शब्द तुम्ही ठरवा. मी फक्त उंचीचं सांगून थांबते, कारण लांबीच्या नादात ती कोणी बघत नाही. बटणाची उंची लॅटिन अक्षरं पाहून पक्की केलेली असेल तर "सर्व" वरचा रफार आणि "णू" खालचा ऊकार कापला जातो. "म्हणून" चं "म्हणन" झालं तरी इंग्रजी वाचणाऱ्या डेव्हलपरला काही गेलंय असं दिसत नाही. तपासायला "मूर्तींचे" हा शब्द तात्पुरता बटणात घालून बघा. खाली ऊकार आहे, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आहेत. तो पूर्ण दिसला तर सहसा बाकीचंही दिसतं. काही प्रकल्पांत लांबी तपासायला खोटी भाषा वापरतात, इंग्रजी अक्षरांवर चिन्हं चढवून. तिने रुंदीचा अंदाज येतो, देवनागरीची उंची मात्र नीट तपासली जात नाही.

निशिगंध

सगळ्यांच्या सांगण्यावरून आज एवढं केलं. वरची ओळ `n != 1` वर परत आणली, आणि ती ओळ बदलली तर तपासणी अडावी अशी सोय प्रकल्पात करता येईल का, ते विचारलं आहे. जुना_टंक यांच्या आज्ञेतून आणखी काही स्ट्रिंग निघाल्या, त्यात "एक जोडणी" होती. ती मात्र संदेशाला फाइल जोडलेली असेल तेव्हाच दिसते, शून्याची वेळच येत नाही, म्हणून सोडली. न वाचलेल्या संदेशांत `%d` परत घातला. टकटक आणि रानपाखरू, तुमचा विरोध नोंदीत लिहून ठेवला आहे.

मग ॲप मराठीत चालवून ०, १ आणि २ संदेश ठेवून पाहिलं. तिन्ही ठिकाणी मजकूर बरोबर येतोय.

बटणात "मूर्तींचे" घालून पाहिलं. खालचा ऊकार अर्धा कापला जातोय. तो भाषांतराचा दोष नाही म्हणून चित्र जोडून वेगळी तक्रार टाकली आहे.

जुना_टंक

चित्रात फॉन्टचं नाव आणि पडद्याचा स्केल लिहिलात ना? नाहीतर डेव्हलपरच्या यंत्रावर दुसरा देवनागरी फॉन्ट येईल, आणि त्याला ऊकार पूर्ण दिसेल.

निशिगंध

नव्हते लिहिले. आता जोडते.

रानपाखरू

बटणासाठी "सर्व वाचलेले धरा" मी बदलून पुन्हा पाठवते, पण शेजारच्या मेनूत "न वाचलेले म्हणून चिन्हांकित करा" आहे. एकात "धरा" आणि दुसऱ्यात "चिन्हांकित करा" असं ठेवायचं का? मेनूत जागा भरपूर आहे.

सांजदिवा

दोन्हीकडे एकच ठेवा असं मला वाटतं. पण मग शोधाच्या पानावर आणि मदतीच्या पानांतही "चिन्हांकित" आहे, ते सगळं बदलावं लागेल. निशिगंध, ती स्ट्रिंग किती ठिकाणी आहे?

निशिगंध

बघून सांगते. तोवर बटणाचा बदल थांबवून बाकीचं मंजूर करते आहे.